इंग्रजी बेताचं आणि काउंटरवर परदेशी पाहुणा: चेक-इनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशन रोडवरच्या लॉजमध्ये, वेरूळ-फर्दापूरच्या छोट्या हॉटेलांत किंवा नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आसपास रिसेप्शनवर बसणाऱ्या मुलामुलींसाठी हे पान आहे. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातलं. हिंदी चांगली येते, इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की शब्द अडकतात. देशातल्या पाहुण्यांशी आपलं हिंदीत भागतं. खरी कसोटी परदेशी पाहुण्याच्या चेक-इनला लागते, कारण तिथे बोलणं, कागद आणि सरकारी फॉर्म एकाच वेळी सांभाळायचं असतं. म्हणून इथे फक्त तेवढंच घेतलं आहे. इंग्रजी वाक्यं जशी बोलायची तशीच देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा.

मला इंग्रजीत दोन मिनिटंही सलग बोलता येत नाही. मी रिसेप्शनवर बसू शकतो का?

बसू शकता. चेक-इनला सलग बोलावं लागतच नाही. पाहुण्याकडून पाच गोष्टी कळायला हव्यात: बुकिंग आहे का, पासपोर्ट, किती रात्री, पैसे कसे, आणि खोली कोणती. आलेला प्रत्येक माणूस याच पाच गोष्टींतून जातो.

मात्र विचारायचं काम तुमच्याकडे हवं. तुम्ही गप्प राहिलात की पाहुणा बोलायला लागतो. मग तो प्रवासाचं सांगतो, रिक्षावाल्याचं सांगतो, खोलीला खिडकी आहे का विचारतो, आणि त्यातला कुठला शब्द पकडायचा हे कळेनासं होतं. तेच तुम्ही आधी विचारलंत, ‘हाऊ मेनी नाइट्स?’, तर उत्तर ‘वन’ किंवा ‘टू’ एवढंच येतं आणि ते कोणालाही कळतं. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्यानं कमी बोलावं असं सगळे सांगतात. माझं मत उलटं आहे. त्यानं आधी बोलावं, आणि छोटं बोलावं.

पाहुणा दारातून आत आला. पहिलं वाक्य काय?

उभं राहायचं आणि ‘नमस्कार’ म्हणायचं. बहुतेक परदेशी प्रवाशांना नमस्ते-नमस्कार ओळखीचं असतं आणि तो ऐकून त्यांना बरं वाटतं. त्यामागे लगेच ‘गुड मॉर्निंग, वेलकम’ किंवा ‘गुड इव्हिनिंग, वेलकम’.

इथे एक चूक सर्रास होते. रात्री अकराला आलेल्या पाहुण्याला आपली मुलं ‘गुड नाईट सर’ म्हणतात. गुड नाईट हा निरोप आहे, पाहुणा झोपायला खोलीकडे निघाला की म्हणायचा. येणाऱ्याला रात्री कितीही वाजता ‘गुड इव्हिनिंग’च. पहाटे चार वाजले असतील तर ‘गुड मॉर्निंग’.

त्यानंतर थेट ‘डू यू हॅव अ बुकिंग?’ माणूस थकलेला दिसला, सोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं, तर त्याआधी ‘प्लीज हॅव अ सीट’ म्हणा आणि पाणी द्या. पाणी बाटलीबंद असेल तर सील त्यांच्यासमोर असू द्या, उघडून देऊ नका.

मी नम्रपणे बोलतो तरी पाहुण्याचा चेहरा पडतो. असं का होतं?

‘गिव्ह पासपोर्ट’, ‘साइन हिअर’, ‘वेट’ असं बोलत असाल, तर त्याला ते हुकूम वाटतात. मराठीत ‘पासपोर्ट द्या’ म्हटलं की ‘द्या’मध्येच आदर आलेला असतो. इंग्रजी क्रियापदात तो नसतो, तो वेगळा लावावा लागतो. त्यासाठी दोन साचे पाठ असले की पुरे.

मागायचं असेल तेव्हा ‘मे आय’नं सुरुवात करा: ‘मे आय सी युवर पासपोर्ट, प्लीज?’, ‘मे आय हॅव युवर फोन नंबर, प्लीज?’, ‘मे आय टेक अ कॉपी?’ पाहुण्यानं काही करावं असं सांगायचं असेल तेव्हा ‘प्लीज’नं सुरुवात करा: ‘प्लीज साइन हिअर’, ‘प्लीज वेट वन मिनिट’, ‘प्लीज राइट युवर अ‍ॅड्रेस’. व्याकरण थोडं चुकलं तरी ‘मे आय’ आणि ‘प्लीज’ असले की ऐकणाऱ्याला राग येत नाही.

सर की मॅडम हे कळत नसेल तर दोन्ही सोडून द्या. चुकीचं म्हणण्यापेक्षा नुसतं ‘वेलकम’ चांगलं.

त्यांचं बोलणं कळलंच नाही तर?

‘यस, यस’ म्हणू नका. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. काउंटरवरची बहुतेक भांडणं चुकीच्या इंग्रजीतून होत नाहीत, न कळता दिलेल्या होकारातून होतात. पाहुणा विचारतो, ‘सकाळी सहाला नाश्ता मिळेल का, आम्हाला लवकर निघायचंय.’ तुम्ही मान हलवता. सहाला तो खाली येतो तेव्हा स्वयंपाकघराला कुलूप असतं. त्याच्या दृष्टीनं तुम्ही शब्द दिला होता.

न कळल्यास म्हणा, ‘सॉरी, प्लीज से अगेन, स्लोली.’ दुसऱ्यांदाही नाही कळलं तर कागद-पेन पुढे करा आणि ‘प्लीज राइट’ म्हणा. यात कमीपणा काही नाही. अजिंठा-वेरूळला जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंका इथून बौद्ध लेणी पाहायला लोक येतात. त्यांतल्या कित्येकांचं इंग्रजी आपल्याइतकंच बेताचं असतं. कागद पाहून त्यांचाही जीव भांड्यात पडतो.

कळलं असं वाटलं तरी ते आपल्या तोंडानं परत सांगा: ‘टॅक्सी. टुमारो. सेव्हन मॉर्निंग. एलोरा. करेक्ट?’ पूर्ण वाक्य लागत नाही. महत्त्वाचे शब्द ओळीनं आणि शेवटी ‘करेक्ट?’ त्याची मान हलली की रजिस्टरमध्ये लिहा. वेरूळ म्हटलेलं त्यांना कळत नाही, त्यांच्या पुस्तकात ‘एलोरा’ असतं.

नकारार्थी प्रश्नही टाळा. ‘यू डोन्ट वॉन्ट ब्रेकफास्ट?’ असं विचारलंत आणि जपानी किंवा कोरियन पाहुणा ‘यस’ म्हणाला, तर त्याला ‘हो, नकोय’ असं म्हणायचं असू शकतं. आपणही मराठीत असंच म्हणतो. इंग्रज माणसाचा ‘यस’ मात्र ‘हो, हवाय’ असतो. म्हणून सरळ विचारा, ‘डू यू वॉन्ट ब्रेकफास्ट?’

आकडे आणि तारखांचा घोळ कसा टाळायचा?

थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी या जोड्या कानाला सारख्याच लागतात. खोली नंबर सांगताना एकेक आकडा सुटा सांगा: 113 म्हणजे ‘वन, वन, थ्री’. पैसे तोंडी सांगितले तरी कॅल्क्युलेटरवर टाकून तो त्यांच्याकडे फिरवा.

तारीख कधीही नुसत्या आकड्यांत लिहू नका. आपला 5/4 म्हणजे 5 एप्रिल, अमेरिकन माणसाचा 4 मे. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की प्रश्न मिटतो.

पासपोर्टमध्ये नेमकं काय पाहायचं?

फोटोचं पान, व्हिसा आणि भारतात उतरल्याचा शिक्का, या तीन गोष्टी. ई-व्हिसावाल्यांकडे पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा नसतो. ते छापलेला कागद किंवा मोबाईलवरची प्रत दाखवतात, आणि विमानतळावर मारलेला शिक्का पासपोर्टात असतो. शिक्का सापडत नसेल तर पानं उलटत बसू नका, त्यांनाच विचारा: ‘इंडिया एन्ट्री स्टॅम्प, प्लीज?’ पासपोर्ट त्यांच्या हाती दिला की ते लगेच पान काढून देतात.

आडनाव कोणतं आणि नाव कोणतं हा दुसरा गोंधळ. त्याचं उत्तर फोटोच्या पानाखाली छापलेल्या दोन ओळींत असतं. आपली मुलं त्या ओळी कधी वाचत नाहीत, पण सगळ्यांत स्वच्छ माहिती तिथेच असते. नमुना म्हणून पहिल्या ओळीची सुरुवात पाहा:

```
P<JPNSATO<<YUKI<<<<<<
```

`P` म्हणजे पासपोर्ट, `JPN` हा देश, त्यानंतर आडनाव. मग दोन बाणांची खूण `<<`, आणि तिच्यापुढे नाव. एका बाणाची खूण म्हणजे एकाच नावातल्या दोन शब्दांमधली मोकळी जागा. देश कोणताही असो, ही रचना बदलत नाही.

दुसऱ्या ओळीतली पहिली नऊ घरं पासपोर्ट नंबराची. दहावा आकडा नंबराचा भाग नाही, तो यंत्राला ताळा करण्यासाठी असतो. अनेक जण तो धरून दहा अक्षरं टाइप करतात आणि फॉर्म चुकतो. वरच्या बाजूला छापलेल्या नंबराशी पडताळून पाहिलं की चूक लगेच दिसते. त्याच ओळीत जन्मतारीख उलट्या क्रमानं असते. `920405` म्हणजे 5 एप्रिल 1992.

व्हिसाची मुदत आणि पाहुण्याचा मुक्काम एकमेकांशी जुळतात का हेही पाहा. मुदत संपलेली दिसली तर पाहुण्याशी वाद घालू नका आणि स्वतः निर्णयही घेऊ नका. ‘वन मिनिट, प्लीज. आय विल कॉल माय मॅनेजर,’ एवढं म्हणून मॅनेजरला उठवा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

सी फॉर्म कोणी भरायचा, आणि त्यासाठी पाहुण्याला काय विचारायचं?

हॉटेलनं भरायचा. परदेशी पाहुणा आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवणं हॉटेलचालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. त्यासाठी `indianfrro.gov.in` या सरकारी संकेतस्थळावर हॉटेलची नोंदणी असावी लागते. पाहुण्यानं हा फॉर्म भरायचा नसतो. त्यानं उत्तरं द्यायची, टाइप आपण करायचं.

घड्याळ पाहुणा आल्यापासून चालू होतं, तारखेपासून नाही. पहाटे साडेचारला आला तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारच्या आत फॉर्म गेला पाहिजे. ‘सकाळचा माणूस भरेल’ म्हणून रात्रपाळीवाला सोडून देतो, आणि ‘रात्रीच भरला असेल’ असं सकाळचा धरून चालतो. फॉर्म राहतो तो असाच.

नाव, नंबर, तारखा पासपोर्टावरून घेता येतात. तोंडी विचारावं लागतं ते एवढंच:

‘व्हॉट इज युवर होम अ‍ॅड्रेस?’ हे लिहून घ्यायला कागद द्या. जपानी किंवा जर्मन गावाचं नाव ऐकून स्पेलिंग लिहिणं कोणालाच जमत नाही.

‘बिफोर हिअर, विच सिटी?’ म्हणजे आमच्याकडे येण्याआधी कोणत्या शहरात होता. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ विचारलंत तर तो देशाचं नाव सांगेल आणि फॉर्ममधला रकाना चुकेल.

‘आफ्टर हिअर, विच सिटी?’ म्हणजे इथून पुढे कुठे.

‘टुरिझम ऑर बिझनेस?’ असे दोन पर्याय देऊन विचारा. ‘व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?’ हेही बरोबरच आहे, पण पोलिसानं विचारल्यासारखं वाटतं आणि उत्तरही लांबतं.

‘युवर फोन नंबर इन इंडिया?’ भारतातला नंबर नसला तर त्यांच्या देशातला घ्या, देशाच्या कोडसकट.

फॉर्मला फोटो लागतो. काही न सांगता मोबाईल समोर धरलात तर माणूस दचकतो, बाई एकटी असली तर जास्तच. आधी म्हणा, ‘गव्हर्नमेंट फॉर्म. मे आय टेक युवर फोटो, प्लीज?’ तो हॉटेलच्याच मोबाईलवर किंवा कॅमेऱ्यावर घ्या. स्वतःच्या खासगी फोनमध्ये पाहुण्यांचे फोटो आणि पासपोर्ट साठवू नका.

पासपोर्ट रात्रभर काउंटरवर ठेवून घेतला तर चालेल का?

ठेवू नका. माहिती आणि प्रत घेतली की लगेच परत द्या. प्रत काढायला बाहेरच्या झेरॉक्सवर जावं लागत असेल तर मालकाला सांगून काउंटरवरच स्कॅनर ठेवायला लावा. परदेशात माणसाजवळ ओळखीचा तेवढाच एक कागद असतो. तो नजरेआड गेला की तो अस्वस्थ होतो, आणि तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी ती अस्वस्थता जात नाही. ‘आय विल मेक अ कॉपी. टू मिनिट्स. देन आय गिव्ह बॅक,’ हे आधीच सांगा, आणि परत देताना दोन्ही हातांनी द्या.

आमच्या लॉजची ऑनलाइन नोंदणीच नाही. परदेशी पाहुणा आला तर काय सांगू?

खोटं कारण देऊ नका. रिकाम्या किल्ल्या मागे लटकत असताना ‘फुल’ म्हटलेलं त्याला दिसतं. ‘सॉरी, वी कॅनॉट टेक फॉरेन गेस्ट्स. फॉर्म प्रॉब्लेम. दॅट हॉटेल इज ओके,’ असं सांगून जवळच्या नोंदणी असलेल्या हॉटेलचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. जमलं तर तिथे फोनही करा. नोंदणी करून घेण्याचं मालकाच्या मागे लागा, हा खरा उपाय.

देवगिरीनं पहाटे पाहुणे येतात आणि चेक-इन दुपारी बाराचं. भांडण ठरलेलंच. कसं बोलायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर घेते.

मुंबईहून रात्री सुटणारी देवगिरी एक्सप्रेस संभाजीनगरला पहाटे पोचते. समजा सोमवार आहे, पहाटेचे साडेचार. जपानी नवरा-बायको सॅक घेऊन आत येतात. ऑनलाइन बुकिंग सोमवार ते मंगळवार, एक रात्र, खोलीचं भाडं 1,800 रुपये, कर वेगळा, पैसे हॉटेलवर द्यायचे. त्यांच्या समजुतीप्रमाणे सोमवार उजाडला, म्हणजे खोली आपली. आपल्या नियमाप्रमाणे खोली दुपारी बारापासून.

बोलण्याआधी बोर्ड पाहा. स्वच्छ केलेली खोली रिकामी आहे का, आणि लवकर दिली तर मालकाचा दर काय, हे माहीत असल्याशिवाय तोंड उघडू नका. इथे खोली आहे आणि अर्ध्या दिवसाचे 900 रुपये लागतात असं धरू.

‘गुड मॉर्निंग. वेलकम. डू यू हॅव अ बुकिंग?’

‘यस. बुकिंग.’ पाहुणा मोबाईल दाखवतो.

‘थँक यू. वन रूम, टू पीपल, वन नाईट. करेक्ट?’

‘यस, वन नाईट.’

‘चेक-इन टाइम इज ट्वेल्व्ह नून. नाऊ, फोर थर्टी.’ हे म्हणताना भिंतीवरच्या घड्याळाकडे हात करा.

‘ओह. नो रूम?’

इथेच बहुतेक जण ‘रूम नॉट अ‍ॅव्हेलेबल’ म्हणून मोकळे होतात आणि आवाज चढतात. त्याऐवजी दोन पर्याय कागदावर लिहा. पहिल्या ओळीत `NOW: + Rs 900`, दुसऱ्या ओळीत `12:00: + Rs 0`. मग बोला:

‘वी हॅव अ रूम नाऊ. एक्स्ट्रा नाइन हंड्रेड रुपीज. ऑर, प्लीज वेट हिअर. नो एक्स्ट्रा. वी कीप युवर बॅग्ज. बाथरूम इज देअर.’

पाहुणा बायकोशी बोलतो आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवतो. आता घाई न करता पूर्ण हिशोब त्याच कागदावर करा. 1,800 अधिक 900 म्हणजे 2,700. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला सध्या 5 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 135. एकूण 2,835. ‘टोटल, विथ टॅक्स. नो मोअर,’ असं म्हणून आकड्याखाली रेघ ओढा. नंतर कर वेगळा निघाला की विश्वास जातो, म्हणून कर चेक-इनलाच सांगायचा, चेक-आउटला नाही.

‘कॅश ऑर कार्ड?’ तुमच्याकडे कार्डचं मशीन नसेल तर हे आत्ताच सांगा: ‘सॉरी, ओन्ली कॅश. एटीएम इज नीअर.’ परदेशी पाहुण्याकडे फोनवरून पैसे देण्याची आपली सोय बहुतेक वेळा नसते. क्यूआर कोड दाखवून उपयोग होत नाही.

मग पासपोर्ट, प्रत, फोटो, फॉर्मचे प्रश्न. ‘बिफोर हिअर, विच सिटी?’ ‘मुंबई.’ ‘आफ्टर हिअर?’ ‘हैदराबाद. टुमारो नाईट.’ आणि बोलता बोलता पाहुणा म्हणतो, ‘टुडे, अजंता.’

आता तुमच्या माहितीचा उपयोग आहे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. साडेचारला हे सांगितलं नाही तर तो टॅक्सी करून शंभरेक किलोमीटर जाईल आणि बंद दारावरून परत येईल.

‘सॉरी, अजंता मंडे क्लोज्ड. एलोरा ट्यूजडे क्लोज्ड. सो, टुडे एलोरा. टुमारो अजंता. ओके?’

वेरूळ तीसेक किलोमीटरवर आहे. झोपून उठून दहाला निघाले तरी चालतं. मंगळवारच्या अजिंठ्याची गोष्ट वेगळी. एकेका बाजूला अडीच-तीन तास जातात, आणि आपला चेक-आउट बाराचा. म्हणून पुढचं वाक्य आत्ताच सांगून ठेवा: ‘टुमारो, चेक-आउट इन द मॉर्निंग. बॅग्ज हिअर, नो चार्ज. देन अजंता.’ नाहीतर मंगळवारी संध्याकाळी परत आल्यावर आणखी अर्ध्या दिवसाच्या भाड्यावरून वाद होतो.

शेवटी किल्ली. ‘रूम टू, झिरो, फोर. सेकंड फ्लोअर.’ आता ‘गुड नाईट’ चालतं का? पहाट झाली आहे, म्हणून ‘प्लीज रेस्ट’ बरं.

खोलीत गेल्यावर पाच मिनिटांत तक्रार घेऊन खाली येतात. काय करावं?

निम्म्या तक्रारी किल्ली देतानाच संपवता येतात. गरम पाणी ठरावीक वेळेतच येत असेल तर सांगा: ‘हॉट वॉटर, सिक्स टू टेन, मॉर्निंग.’ उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढत असाल तर तेही लपवू नका: ‘लेस वॉटर हिअर, समर. प्लीज सेव्ह वॉटर.’ मराठवाड्यातल्या पाण्याची गोष्ट त्यांना ठाऊक नसते, पण सांगितली की बहुतेक जण समजून घेतात. नळाचं पाणी पिऊ नये हेही सांगा: ‘टॅप वॉटर, नॉट फॉर ड्रिंकिंग.’

तरीही तक्रार आलीच तर आधी ‘सॉरी. आय विल कम अँड सी,’ म्हणा आणि खरंच सोबत जा. खोलीत गेल्यावर त्याला इंग्रजीत सांगावं लागत नाही, तो बोटानं दाखवतो. वेळ मात्र खरी सांगा. प्लंबर अर्ध्या तासाशिवाय येणार नसेल तर ‘फाइव्ह मिनिट्स’ म्हणू नका. ‘थर्टी मिनिट्स’ ऐकून माणूस चिडत नाही, पाचाचे तीस झाले की चिडतो.

नांदेडला कॅनडा-इंग्लंडचे शीख भाविक येतात. ते हिंदी-पंजाबी बोलतात. त्यांच्यासाठीही हे सगळं लागतं का?

बोलणं हिंदीत करा, त्यात त्यांनाही आपलेपणा वाटतो. पण भाषा आणि दिसणं यावरून नागरिकत्व धरू नका. हुजूर साहिबला आलेले आजोबा अस्सल पंजाबी बोलत असतील आणि पासपोर्ट कॅनडाचा असेल. प्रत्येकाला एकच प्रश्न: ‘पासपोर्ट कौन से देश का है, जी?’ परदेशी पासपोर्ट निघाला की चेक-इन परदेशी पाहुण्याचा. व्हिसाच्या जागी अनेक जण ओसीआय कार्ड दाखवतात, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड. ते दिसलं की पासपोर्ट आणि कार्ड दोन्हींची प्रत घ्या. नुसत्या कार्डावर भागवू नका, कारण फॉर्मला पासपोर्टाचा नंबर लागतोच. आधार कार्ड पुढे केलं तरी पासपोर्ट कोणता हे विचाराच. मोठ्या जत्थ्यात काही जण भारतीय आणि काही परदेशी असतात, म्हणून जत्थेदाराच्या एका ओळखपत्रावर सगळ्यांची नोंद करू नका.

पाळी बदलताना पुढच्या माणसाला काय सांगून जायचं?

तोंडी काही सांगू नका, रजिस्टरमध्ये लिहा. वरच्या पाहुण्यांसाठी सकाळच्या माणसाला लागणारी नोंद अशी: ‘204, जपान, दोघे. आले सोमवार पहाटे 4.30. सी फॉर्म: भरला नाही, मंगळवार पहाटे 4.30 च्या आत. प्रत आणि फोटो घेतले, पासपोर्ट परत दिले. 2,835 रोख मिळाले. आज दहाला वेरूळची टॅक्सी. मंगळवारी सकाळी चेक-आउट, बॅगा आपल्याकडे, रात्री हैदराबादला जाणार.’ फॉर्म भरून झाला की ‘भरला नाही’ खोडून वेळ आणि आपली सही टाका.